विक्रेत्याच्या वतीने

पहिला फटका वायरबाईच्या डाव्या खांद्यावर बसला. दुसरा तिने चुकवला आणि पाइप मागच्या फळीवर आदळला. बेअरिंगच्या गोळ्या शेडभर उधळल्या.

"माझ्याच जागेत बसून मलाच कोर्टात खेचतेस?" दादा ओरडला. "तुला खांद्यावर बसवून फिरवलीय मी!"

"तोच खांदा फोडलास आत्ता," वायरबाई म्हणाली. तोंडात रक्त आलं होतं; ती थुंकली.

दादा तिचा चुलतभाऊ. शेड त्याच्या नावावर, आणि बारा वर्षं ती भाड्याने तिथे जळालेल्या मोटरींना नवी तार भरत होती. तीन वर्षांपूर्वी दादाने शेड तिला विकायचं साठेखत केलं, इसार घेतला, हसत हसत सही ठोकली. मग समोरचा रस्ता रुंद व्हायचं ठरलं, भाव तिप्पट झाला आणि दादाचा फोन लागेनासा झाला. इसार परत घे आणि मोकळी हो, असं त्याने निरोप्याकडून कळवलं. तिने घेतला नाही. पैशांनी दुसरी शेड मिळाली असती, पण तीन फेजची वीज, माल उचलायची क्रेन आणि बारा वर्षांची गिऱ्हाइकं मिळाली नसती. तिने दावा लावला: करार केलाय, तर तो पुरा करून द्या. उरलेली रक्कम द्यायला आपण पहिल्या दिवसापासून तयार होतो, हे तिने बँकेच्या कागदांनिशी सिद्ध केलं. निकाल तिच्या बाजूने लागला. बाकीची रक्कम तिने मुदतीत कोर्टात भरली. दादाला दोन महिन्यांत खरेदीखत करून द्यायचं होतं. त्याने दिलं नाही. मग तिने निकालाच्या अंमलबजावणीसाठी दरखास्त केली. कोर्टाने खरेदीखताचा मसुदा हरकतीसाठी दादाकडे पाठवला, तो त्याने बेलिफासमोर टराटरा फाडला. मसुदा मंजूर झालाच. मंगळवारी अकरा वाजता नोंदणी.

आज शनिवार होता.

दादाने पाइप पुन्हा उचलला. या वेळी वायरबाई मागे सरली नाही. तिच्या हातात दीड फुटी पाना होता आणि तो तिने सरळ त्याच्या गुडघ्यावर घातला. कट्ट असा आवाज झाला. दादा कोसळला, आणि पडता पडता त्याने तिचे केस धरून तिलाही खाली ओढलं. तिचं कपाळ मोटरीच्या लोखंडी पायावर आपटलं. क्षणभर सगळं पांढरं झालं.

डोळे उघडले तेव्हा दादा लंगडत हायड्रॉलिक प्रेसपाशी पोचला होता. बेअरिंग दाबून काढायचा तो प्रेस वीस टनी होता. खाली पायाचा पॅडल. दादाने उजवा पंजा लोखंडी पाटावर पसरला.

"सही पाहिजे ना तुला? घे! हातच राहणार नाही, तर कशाने करणार सही?"

वायरबाईला उत्तर ठाऊक होतं. वकिलांनी तिला दोनदा समजावलं होतं: तो आला नाही, त्याने नकार दिला, काही झालं तरी कोर्टाने नेमलेला कारकून त्याच्या वतीने सही करतो आणि ती त्याच्याच सहीइतकी चालते. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. दादा तिच्याकडेच बघत होता. ती विनवणी करेल, याची वाट बघत होता.

खांदा जळत होता. डोळ्यात रक्त उतरत होतं. ती गप्प राहिली.

दादाने पॅडल दाबला. दाबाचा काटा दोन टनांपर्यंतही गेला नाही. बोटांची हाडं चुरायला तेवढंही लागत नाही. तो किंचाळला तेव्हा कुठे ती उठली. वॉल्व्ह सोडून तिने प्रेसचा दांडा वर घेतला, मोटरीच्या तारांवर गुंडाळायच्या सुती पट्टीने त्याचं मनगट करकचून आवळलं आणि त्याला फरफटत रस्त्यावर नेऊन टेम्पोत घातलं.

तीन बोटं काढावी लागली. गुंगीतून बाहेर येताच दादा कोरड्या ओठांनी हसला. "बस आता सही घेत."

"पड गप," ती म्हणाली. तेव्हाही तिने सांगितलं नाही.

मंगळवारी नोंदणी कार्यालयात कोर्टाचा कारकून वेळेवर आला. डबा पिशवीत, चष्मा कपाळावर. कपाळाला टाके घातलेली वायरबाई त्याच्या शेजारी बसली. विक्रेत्याच्या नावाखाली, कोर्टाच्या आदेशावरून त्याच्या वतीने, असा मजकूर होता. तिथे कारकुनाने सही केली. पुढचं पान, पुन्हा सही. अंगठा यंत्रावर टेकवला, फोटो काढून घेतला. सगळं मिळून दहा मिनिटंही लागली नाहीत. विक्रेत्याच्या बाजूचं काम संपलं.

"स्वतः का नाही आले हो ते?" अंगठा पुसत कारकुनाने विचारलं.

"हात चिरडला त्याचा. सही करता येऊ नये म्हणून स्वतःच चिरडून घेतला."

कारकुनाचा हात थांबला. "अरेरे! पण त्याने काय अडतं? कुणीतरी सांगायचं ना त्यांना."

"मला माहीत होतं," वायरबाई म्हणाली. "मी समोरच होते."

कारकुनाने तिच्याकडे नीट पाहिलं, मग कागद तिच्या पुढ्यात सरकवले. खरेदीदाराची सही अजून व्हायची होती.