हजेरीपट

सरांनी माझा परिच्छेद प्रयोगशाळेत सगळ्यांसमोर वाचला. “याने हे शोधलं, त्याने ते शोधलं! बाई, हा संशोधनाचा आढावा आहे की हजेरीपट? तुलना कर, नाहीतर प्रबंधावर माझी सही विसर.” सगळे हसले. ते हसू मी जपून ठेवलं.

मग तुलना केली. “महिनाभर मोजमाप केलेल्या चार अभ्यासांत खताने मुळं वाढली, आठवडाभरच मोजलेल्या एका अभ्यासात वाढली नाहीत. फरक बहुधा कालावधीमुळे असावा.”

तो एकटा अभ्यास सरांचा होता. आधीच्या नुसत्या यादीत तो सुखाने लपला होता.

पुढच्या बैठकीत मी हे सावकाश, मोठ्याने वाचलं. सरांचे कान लाल झाले.

“हे वाक्य काढ.”

“काढते ना, सर. मग पुन्हा हजेरीपटच उरेल.”

मागे कोणीतरी खोकलं. सरांनी सही करायला पेन मागितलं. मी माझंच दिलं.