नावावरून लिहिलेलं पान

ऑफिसात तिला सगळे पुस्तकवाली म्हणायचे. प्रोग्रामर मंडळी जो कोड लिहायची, त्यातलं कुठलं फंक्शन, म्हणजे ठरलेलं एकच काम करणारा तुकडा, काय करतं, त्याला काय काय द्यायचं आणि ते काय परत देतं, हे दुसऱ्या माणसाला कळेल अशा भाषेत एकेका पानावर लिहून त्याचं पुस्तक करायचं, हे तिचं काम. काम चांगलं झालं तर कुणाच्या लक्षात येत नाही आणि चुकलं तर सगळे तिच्याच नावाने खडे फोडतात, अशातलं.

कंपनी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी गळ्यात घालायचं बटण बनवायची. पाय घसरला, छातीत दुखलं, की बटण दाबायचं. हाक केंद्रात जाते, तिथला माणूस लगेच बोलतो, गरज वाटली तर गाडी पाठवतो. कर्मचाऱ्यांच्या आईवडलांना हे बटण फुकट मिळायचं, म्हणून ते तिच्या बाबांच्याही गळ्यात होतं. आई गेल्यापासून बाबा शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटेच राहायचे. 'माझ्याकडे या' म्हणून ती सांगून थकली. बाबा आपले हूं की चूं करत नव्हते.

तर एके सकाळी साहेबांनी तिला बोलावलं. मोठं गिऱ्हाईक येणार होतं, आणि त्याच्या तपासणीत प्रत्येक फंक्शनचं पान असायलाच हवं होतं. सगळी झाली होती. एक राहिलं होतं.

"दाढीकडून घे," साहेब म्हणाले. दाढी म्हणजे प्रोग्रामर. त्याला खरं नाव होतं, पण पगाराच्या दिवसाशिवाय कुणाला आठवायचं नाही.

दाढीने तिला स्क्रीनवर एक ओळ दाखवली. इंग्रजीतलं लांबलचक नाव, मधे जागा न सोडता लिहिलेलं. अर्थ एवढाच, की उत्तर न मिळालेली हाक वर पाठव.

"बरं. कोड दाखव."

"कोड नाही."

"नाही म्हणजे?"

"हाका वर पाठवायचा हा भाग आपण बाहेरून विकत घेतलाय. तयार फाइल आली, आतलं वाचता येत नाही. नावं तेवढी बाहेर दिसतात. खोलून बघायला करारात मनाई आहे."

"सोबत काही कागद आले असतील की!"

"आले असतील. ज्याने घेतले तो नोकरी सोडून गेला. ज्यांनी विकलं ती कंपनी बुडाली, तिला आता दुसऱ्याच कुणीतरी घेतलंय."

"अरे, मग त्याला काय काय द्यायचं, ते तरी? हाकेचा नंबर? माणसाचा? वेळ?"

"देवाला माहीत. मी एकदा अंदाजाने दोन गोष्टी देऊन बघितल्या, अख्खा प्रोग्रामच आडवा झाला."

"आपल्या कोडमधून याला कोण बोलावतं?"

"कुणीच नाही. त्यांचाच भाग आतल्या आत बोलावत असेल." दाढीने खांदे उडवले. "किंवा नसेल बोलावत."

म्हणजे डब्यावरचं लेबल वाचून भाजीची चव लिहायची! ती मुकाट जागेवर आली आणि प्रामाणिकपणे पान लिहिलं. 'काय करते' खाली लिहिलं, माहीत नाही. 'काय द्यावे' खाली, माहीत नाही. 'काय परत मिळते' खाली, तेच. आणि साहेबांकडे पाठवून दिलं.

साहेब तिच्या टेबलापाशी आले. रागावलेले नव्हते, आणि तीच पंचाईत होती. रागावलेल्या माणसाशी भांडता तरी येतं.

"हे असं पान गिऱ्हाइकाला दाखवू मी? म्हाताऱ्या माणसांच्या जिवाचं यंत्र विकतोय आपण, आणि पुस्तकात लिहू, माहीत नाही?"

"पण साहेब, खरंच माहीत नाही."

"नाव वाच ना. नाव किती बोलकं आहे! उत्तर नाही आलं की हाक वर जाते. दुसरं काय करणार ते? नाचणार आहे?"

"वर म्हणजे कुणाकडे? किती वेळाने? तिथेही कुणी उचललं नाही तर? एकदाच जाते की पुन्हा पुन्हा? आणि आत काहीच नसलं तर? नुसतं नाव टाकून ठेवलेलं, पुढे कधीतरी लिहू म्हणून. असं करतात हो लोक."

"एवढा विचार करायला तुला ठेवलेलं नाही," साहेब म्हणाले, आणि मग मऊपणे, "लिही गं बाई. तुला सवय आहे."

सवय होतीच, तीच नडली. अशी शेकडो पानं लिहिली होती तिने. या जातीची फंक्शनं बहुधा कशी वागतात ते तिच्या बोटांत होतं. तिने लिहिलं: 'ठरलेल्या वेळात हाकेला उत्तर न मिळाल्यास हे फंक्शन ती हाक वरच्या अधिकाऱ्याकडे पाठवते, आणि कोणी उत्तर देईपर्यंत पाठवत राहते.' वेळ कुणी ठरवली? राम जाणे. हाकेचा नंबर द्यावा, काम झालं की नाही ते परत मिळतं, असंही ठोकून दिलं. वाक्यं इतकी सरळ उतरली की तिला स्वतःलाच क्षणभर खरी वाटली. पानाच्या डोक्यावर तिने ठळक अक्षरांत सूचना टाकली: 'हे सर्व केवळ नावावरून लिहिले आहे. खात्री केल्याशिवाय विसंबू नये.'

साहेबांनी पान मंजूर केलं. फक्त त्या सूचनेवर 'अंतर्गत' अशी खूण केली. अंतर्गत खूण असलेला मजकूर ऑफिसात दिसतो. पुस्तक बाहेर जाताना यंत्र तो आपोआप गाळतं. तिला हे पक्कं ठाऊक होतं, त्या यंत्राचं पानही तिनेच लिहिलं होतं.

"साहेब, ही सूचना बाहेर नाही जाणार."

"आपल्याला माहीत आहे ना? झालं तर मग."

ती आपल्या कामाला लागली. अंगात राग होता, पण घरभाडंही होतं.

गिऱ्हाईक खूश झालं. पुस्तक बाहेर गेलं. विक्रीवाल्यांनी त्यातून चांगली चांगली वाक्यं वेचून एक रंगीत पत्रक छापलं आणि ते बटणवाल्या प्रत्येक घरी पाठवलं. तिला हे बाबांच्या फोनवरून कळलं.

"अगं, काय झकास लिहिलंयस! 'कोणी उत्तर देईपर्यंत हाक जात राहते.' मी तीनदा वाचलं. भाषा तुझीच, मी लगेच ओळखली."

"बाबा, ते पत्रक..."

"शेजारच्या मावशींनाही वाचून दाखवलं. म्हटलं, आता तुम्ही रोज सकाळी दार वाजवायला येऊ नका. गुडघे दुखतात बिचारीचे. किल्ली परत घेतली मी त्यांच्याकडून."

 मावशी म्हणजे रोज सकाळी दार वाजवणारं, आणि दार उघडलं नाही तर किल्लीने उघडून आत जाणारं एकमेव माणूस. तिने फोन ठेवला आणि तडक दाढीकडे गेली.

"मला ते चालवून बघायचंय. केंद्रात एक हाक मुद्दाम उचलायची नाही, पुढे काय होतं ते बघू."

"तो भाग फक्त चालू केंद्रात बसवलाय. चाचणीसाठी वेगळा परवाना घ्यावा लागतो, तो आपण घेतला नाही."

साहेबांनी तर हातच जोडले. "चालत्या केंद्रात हाका न उचलून प्रयोग करायचे? आणि तेवढ्यात कुणी खरंच पडलं तर? शुद्धीवर आहेस का?"

त्यात चूक काय काढणार? बरोबरच होतं त्यांचं. "असं कधी झालंय का, हाक उचललीच गेली नाही?" तिने विचारलं.

"तशी तक्रार नाही आलेली," साहेब म्हणाले. तक्रार करायला माणूस मागे उरला असेल तर येणार ना, असं तिच्या ओठांवर आलं होतं, ते तिने गिळलं.

शेवटचा उपाय म्हणून तिने बुडालेल्या कंपनीला ज्यांनी घेतलं होतं त्यांना फोन लावला. या टेबलावरून त्या टेबलावर फिरून फिरून शेवटी एक गोड आवाजाची मुलगी मिळाली. तिने फंक्शनचं नाव लिहून घेतलं आणि म्हणाली, "हो मॅडम, आमच्याकडे माहिती आहे."

पुस्तकवालीचा जीव भांड्यात पडला. "सांगा, सांगा."

"ठरलेल्या वेळात हाकेला उत्तर न मिळाल्यास हे फंक्शन ती हाक वरच्या अधिकाऱ्याकडे पाठवते, आणि..."

"हे तुम्हाला कुठून मिळालं?"

"तुमच्याच कंपनीने पाठवलंय ना, मॅडम. आमच्याकडे जुने कागद काहीच नव्हते. तुमचं पुस्तक आलं तेव्हा किती बरं झालं!"

तिला रडावं की हसावं कळेना. फोन ठेवून तिने रजा टाकली आणि ती बस पकडून बाबांकडे गेली.

बाबांनी दार उघडलं. पत्रक त्यांनी भिंतीला लावलं होतं, आईच्या फोटोशेजारी. तिने चप्पलही न काढता विचारलं, "मावशी कुठायत? किल्ली द्या त्यांना परत."

"त्या लेकाकडे राहायला गेल्या. माझ्यामुळेच अडकून पडल्या होत्या ना इथे! जाताना म्हणाल्या, तुमची मुलगी हुशार, आता मला घोर नाही."

"बाबा, या बटणावर विसंबू नका."

"का? हे बघ." आणि ती नको नको म्हणेपर्यंत त्यांनी बटण दाबलंसुद्धा. लगेच आवाज आला, "नमस्कार आजोबा, काही त्रास होतोय का?" बाबा म्हणाले, "नाही रे बाळा, मुलीला दाखवत होतो." आणि तिच्याकडे बघून भुवया उडवल्या. "बघितलंस?"

आता काय सांगायचं या माणसाला? उचललेल्या हाकेचा प्रश्नच नव्हता. प्रश्न न उचललेल्या हाकेचा होता, आणि ती दाखवायची म्हणजे खरोखरच कुणी न उचलायला हवी होती.

तिने त्यांना खुर्चीत बसवलं, समोर बसली आणि सगळं सांगितलं. कोड मिळाला नाही. काय द्यायचं, काय परत येतं, काही कळलं नाही. फक्त नाव होतं. नावावरून लिहिलं. सूचना टाकली होती, ती गाळली गेली. "आत काय आहे ते कुणालाच माहीत नाही, बाबा. कदाचित काहीच नसेल. ते वाक्य मी मनाने लिहिलंय."

बाबा शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी हात पुढे करून तिच्या डोक्यावर ठेवला.

"शाळेतसुद्धा तू अशीच होतीस. पेपर चांगला गेला तरी रडत घरी यायचीस, सगळं चुकलं म्हणून. आणि मग पहिली."

"बाबा, तसं नाहीये हो हे!"

"बरं बरं. नाही तर नाही." ते हसले. "चहा टाकतेस?"

तिने चहा टाकला. मग पुन्हा सांगून बघितलं, रागावून बघितलं, शेवटी हात जोडले, की माझ्याकडे चला. ते प्रत्येक वेळी मान डोलवत होते. निघायची वेळ झाली तेव्हा जिन्यापर्यंत सोडायला आले.

"कडी लावू नका," ती म्हणाली. "निदान कडी तरी नका लावू. कुणाला आत यायची वेळ आली तर?"

"इतके दिवस नव्हतोच लावत, मावशींसाठी. उघड्या दारात झोप कुठली लागते? आता तुझ्या कृपेने निवांत झोपतो."

ती पायऱ्या उतरायला लागली. वर दार बंद झालं, आणि आतून कडी सरकवल्याचा आवाज आला. ती मागे फिरली, वर गेली, दार वाजवलं.

"कोण?" आतून बाबांनी विचारलं.

"मीच."

"काही विसरलीस का?"

 "नाही," ती म्हणाली. "काही नाही."