रफार

दाजीबानपेठेतल्या गणपतअप्पांच्या दुकानात रबरी शिक्के, पावतीपुस्तकं आणि नावाच्या पाट्या मिळत. पाट्यांचं काम थोरल्या सुनेचं, विमलाचं. चार वर्षांपूर्वी अप्पांनी थ्रीडी प्रिंटर आणला तेव्हा घरात कुणी त्याच्या वाटेला गेलं नाही. विमलानं मात्र व्हिडिओ बघून, प्लास्टिकचे गुंते काढून, चुकत चुकत ते यंत्र वळणावर आणलं. वितळलेलं प्लास्टिक सोडणाऱ्या नोझलचं भोक पॉइंट चार मिलिमीटरचं, म्हणजे त्यातून येणारी रेघही साधारण तेवढीच, हे तिला बोटांनी कळत होतं. उठावाच्या अक्षराला निदान दोन रेघांची जाडी हवी, कोरलेल्या अक्षराची खाच त्याहून अरुंद नको, नाहीतर दोन्ही कडांचं प्लास्टिक फुगून ती बुजते. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

तिच्या पाट्या वाचता येत. एकसारख्या जाडीची, सरळ, मोकळी अक्षरं. गिऱ्हाईक आलं की अप्पा काउंटरखालची पाटी काढून म्हणत, "बघा, आमच्या सुनेचं काम. दहा फुटांवरून वाचा."

मग धाकट्या दिराचं, स्वप्नीलचं लग्न झालं आणि वेदश्री आली.

वेदश्री बेळगावची. बोरूनं अक्षरं काढायची, आणि काढायला बसली की बघणारा उभाच राहायचा. महिन्याभरात तिनं आपली अक्षरं स्कॅन करून कॉम्प्युटरवर घेतली. अप्पांनी तिच्या अक्षरांचा कागद काउंटरच्या काचेखाली ठेवला. पुढच्या आठवड्यात काउंटरखालून निघणारी विमलाची पाटी निघेनाशी झाली. कुणी ती टाकली नव्हती. ती तिथंच होती, पावतीपुस्तकांच्या मागं. विमलानं एकदा ती पुढं सरकवून ठेवली. संध्याकाळी बघते तर पुन्हा मागं.

यात वेदश्रीचा काय दोष, असं विमला स्वतःला सांगे. पोरगी वाईट नव्हती. "अक्का, अक्का" करत मागं फिरायची, चहा करून आणायची. पण तो चहासुद्धा अप्पांना आवडायला लागला तेव्हा विमलानं आपला कप न पिताच विसळून ठेवला.

श्रावणात धारवाडहून बाळाचार्य गलगली आले. संस्कृतचे निवृत्त शिक्षक, तिथल्या मालमड्डी भागातल्या एका छोट्या मराठी वाचनालयाचे अध्यक्ष. वाचनालयाला पंचाहत्तर वर्षं होत होती. कार्यकारिणीच्या अकरा जणांना टेबलावर ठेवायच्या पाट्या द्यायच्या होत्या. वर मराठीत नाव, खाली कन्नडमध्ये पद.

विमलानं आपली पाटी पुढं ठेवली. आचार्यांनी चष्मा वर करून पाहिली.

"वाचता येते," ते म्हणाले, "पण बस स्टँडवरच्या फलकासारखी दिसते हो. जरा साहित्याचा वास असलेलं काही?"

अप्पांनी काचेखालचा कागद काढला. आचार्य कितीतरी वेळ त्याच्यावर वाकून होते. "हे कुणाचं अक्षर?"

"आमच्या धाकटीचं," अप्पा म्हणाले, आणि 'धाकटी' हा शब्द त्यांनी जितक्या मायेनं उच्चारला तितक्या मायेनं त्यांनी कधी 'थोरली' म्हटलेलं विमलाला आठवेना.

पाटीचा आराखडा वेदश्रीनं केला. तळ सोनेरी, त्यावर तीन थर काळे, त्यावर पुन्हा सोनेरी उठावाचं नाव. पदाची ओळ काळ्या थरांतून आरपार कोरायची, म्हणजे खालचं सोनेरी उघडं पडतं. ही दोन वेळा रंग बदलायची युक्ती खरं तर विमलाची. वेदश्रीनं अप्पांना तसं सांगितलंही. अप्पा "हां हां" म्हणाले आणि पुन्हा अक्षरांकडे बघू लागले.

शुक्रवारी वेदश्री आईला बघायला बेळगावला निघाली. जाताना दारातून म्हणाली, "अक्का, फाइल ठेवलीय. मला ते रफार जरा बारीक वाटतात. मशीनवर येतील का, एकदा बघशील? नाहीतर फोन कर, मी तिथून जाड करून पाठवते."

"बघते," विमला म्हणाली.

आणि तिनं बघितलं. फाइल स्लायसरमध्ये, म्हणजे पाटीचे छापायचे थर पाडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये टाकली. छपाईआधी तो थराथरानं चित्र दाखवतो, तसं त्यानं दाखवलं. बाजूची पट्टी वर सरकवत ती शेवटच्या थरांपर्यंत आली. जाड दांड्या, वळणं, शिरोरेघ, सगळं नेटकं भरलेलं. पण वेदश्रीनं रफार बोरूच्या कोपऱ्यानं ओढले होते, पाव मिलिमीटरचे, केसासारखे. दुकानातला स्लायसर जुना. एका रेघेहून बारीक काही आलं की तो ते सोडूनच देई. कॉम्प्युटरवर काढलेल्या अक्षरांत रफार होते, थरांच्या चित्रात नव्हते. खालच्या ओळीत कन्नड जोडाक्षरांच्या खाचाही जेमतेम पॉइंट तीनच्या. त्या बुजणार हे दिसतच होतं.

फोन शेजारी होता. तिनं तो हातात घेतला, वेदश्रीचं नाव काढलं. तेवढ्यात पुढून अप्पांचा आवाज आला, कुणा गिऱ्हाइकाला सांगत होते, "आमच्या धाकटीचं अक्षर बघाल तर..."

विमलानं फोन पालथा ठेवला आणि छपाई सुरू केली.

दोन दिवस यंत्र चाललं. प्रत्येक पाटीला तिनं वेळेवर रंग बदलला, कडा घासल्या, तळ पुसला. तिच्या कामात कुठं कसूर नव्हती, आणि हेच ती मनाशी म्हणत राहिली. हातभर अंतरावरून पाट्या देखण्या दिसत होत्या. अप्पांनी एकेक उचलून पाहिली. ओळखीचं नाव माणूस अक्षर लावून वाचत नाही. अप्पांनीही वाचलं नाही. "वा!" म्हणाले आणि खोक्यात भरल्या.

रविवारी सकाळी सगळं घर धारवाडला गेलं. वेदश्री बेळगावहून थेट तिथं आली. वाचनालयाचा हॉल भरलेला. पाट्या टेबलावर मांडल्या होत्या. सूत्रसंचालन करणारी प्रियांका नावाची मुलगी कन्नड शाळेत शिकलेली. तिला मराठी येत होती, पण देवनागरी ती एकेक अक्षर लावून वाचायची. एकेक पाटी उचलून ती नाव पुकारत होती.

"अध्यक्ष, श्री. बाळाचाय गलगली."

मग मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "चाय? कॉफी नाही का?" आणि हॉलभर हशा पिकला.

प्रियांका गोंधळली. तिनं पाटी पुन्हा पाहिली, डोळ्यांजवळ नेली. "असंच लिहिलंय, सर," ती रडवेली होऊन म्हणाली.

आचार्यांनी पाटी हातात घेतली. नावावरून अंगठा फिरवला, हळूहळू, जिथं रफार असायला हवा होता तिथं थांबवला. मग पाटी पालथी करून टेबलावर ठेवली. त्यानंतर कार्यकारिणीतल्या दुर्गाबाईंची 'दुगाबाई' निघाली, पण तेव्हा कुणी हसलं नाही.

विमलानं वेदश्रीकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. खोटं कशाला सांगायचं, विमलाच्या छातीत एक गोड कळ उठली. एवढीच, एका श्वासाची. कारण अप्पा उठून उभे राहिले, सगळ्यांसमोर हात जोडले आणि म्हणाले, "चूक आमच्या दुकानाची. अकराच्या अकरा पाट्या बदलून देतो." खाली बसताना त्यांनी वेदश्रीच्या डोक्यावर हात ठेवला. "रडू नको गं पोरी. नवीन आहेस. होतं."

विमलाला वाटलं, हिनं चुकलेलंसुद्धा यांना गोड लागतं. विमलानं केलेल्या शेकडो बिनचूक पाट्यांमुळे तो हात कधी तिच्या डोक्यावर आला नव्हता. आणि ज्या चुकीवर तो हात आला होता, ती चूकही विमलाचीच होती.

दुकानात परतल्यावर वेदश्रीनं तोंडसुद्धा धुतलं नाही. कॉम्प्युटरसमोर बसली, फाइल उघडली, थरांची पट्टी वर सरकवली. विमला दाराशी उभी होती.

"अक्का," वेदश्री मागं न वळता म्हणाली, "हे इथं दिसतंय. रफार नाहीतच."

"हो."

"तू छापायच्या आधी दर वेळी हे बघतेस."

"हो."

"शुक्रवारी बघितलंस?"

खोटं बोलायला जागा होती. घाईत राहून गेलं म्हटलं असतं तर पोरीनं विश्वास ठेवला असता. विमला म्हणाली, "बघितलं. दिसलं. तुला सांगितलं नाही."

वेदश्री वळली. "पाच मिनिटांचं काम होतं. मी फोनची वाट बघत होते."

"माहीत आहे."

"मग का?"

विमलाला खूप काही सांगायचं होतं. जे बाहेर आलं ते फारच लहान होतं. "तू आल्यापासून अप्पांनी माझी पाटी कुणाला दाखवली नाही."

"त्यात त्या म्हाताऱ्या आचार्यांचा काय दोष गं?" वेदश्री म्हणाली आणि उठून आत गेली.

चार दिवस दोघी कामापुरतं बोलल्या. वेदश्रीनं सगळी अक्षरं पुन्हा काढली. बारीकातली बारीक रेघ पॉइंट नऊची केली, रफाराला पोट दिलं, तरी वळण बोरूचंच राहिलं. नाव मोठं करायला पाटी वीस मिलिमीटरनं लांबवली. खालच्या ओळीचा कन्नड फॉन्ट बदलून साधा, एकसारख्या जाडीचा घेतला. खाच पॉइंट आठची. विमलानं आधी नुसता 'र्य' आणि एक जोडाक्षर एवढाच बोटभर तुकडा छापला आणि वेदश्रीपुढं ठेवला. वेदश्रीनं तो खिडकीशी नेऊन तिरपा धरला, डोळे मिटून बोट फिरवलं. "खाच अजून थोडी," म्हणाली. पॉइंट नऊ केली.

पाट्या घेऊन विमला एकटीच धारवाडला गेली. आचार्य व्हरांड्यात बसले होते. त्यांनी पाटी घेतली, चष्मा न लावता हात लांब करून धरली.

"आता मी आचार्य झालो," ते म्हणाले. "धाकटीला सांगा, सुरेख आहे."

"सांगते," विमला म्हणाली. मग रिकामी पिशवी घडी करत म्हणाली, "सर, मागच्या वेळी तिची चूक नव्हती. रफार येणार नाहीत हे मला छापायच्या आधी दिसलं होतं. मी गप्प बसले."

आचार्यांनी तिच्याकडे पाहिलं. वर्गात उभ्या केलेल्या मुलीकडे बघावं तसं. "घरी सांगितलंत?"

"तिला सांगितलं. सासऱ्यांना अजून नाही."

"मग इथं कशाला आलात आधी?" ते म्हणाले, रागानं नाही, पण मऊपणानंही नाही. "जा."

त्या संध्याकाळी तिनं अप्पांना सांगितलं. अप्पा शिक्क्यांची शाई ढवळत ऐकत राहिले. "मला तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती," एवढंच म्हणाले. विमलाला ते लागलं. पण काहीतरी अपेक्षा होती हे त्यांच्या तोंडून ती पहिल्यांदाच ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी वेदश्रीनं एका डॉक्टरीणबाईंच्या पाटीची फाइल करून ठेवली. विमलानं ती स्लायसरमध्ये टाकली, तेवढ्यात वेदश्री आतून स्टूल घेऊन आली आणि शेजारी टेकली.

"पट्टी मी सरकवते," ती म्हणाली. 'अक्का' म्हणाली नाही.

विमलानं माऊस तिच्याकडे दिला. थर एकेक करून वर येऊ लागले. अक्षर देखणं होतं, आणि ते बघताना विमलाला पावतीपुस्तकांमागची आपली पाटी पुन्हा आठवली. तिनं पडद्यावर बोट ठेवलं.

"इथं थांब," ती म्हणाली. "ही वेलांटी बारीक आहे. तुटेल."

वेदश्रीनं वाकून पाहिलं आणि ती जाड करायला घेतली.