पट्टी फरशीवर होती

प्रयोगशाळेच्या दाराला बेल होती, चांगली खणखणीत वाजणारी. पण एका गेलेल्या म्हाताऱ्याची लेक पहिल्यांदा आली तेव्हा बेलला हात न लावता बाहेरच्या बाकावर बसून राहिली. शिपाई आत येऊन म्हणाला, "कोणीतरी बसलंय. बेल का नाही वाजवली विचारलं, तर नुसती माझ्याकडे बघत राहिली."

आत ज्यांना भेटायचं होतं त्यांना सगळे कीडबाई म्हणत. केस पिकेस्तोवर कीडबाईंनी एकच काम केलं होतं. घरात एकटाच मरण पावलेल्या माणसाजवळ माश्या येतात, अंडी घालतात, अंड्यांतून अळ्या निघतात आणि वाढू लागतात. अळीची लांबी आणि खोलीची ऊब कळली की ती अंडी केव्हा पडली हे कीडबाई मागे मोजत जाऊन सांगत. माणूस त्याच्या आधीच गेलेला असणार, निदान एवढं तरी नक्की.

नातलगांशी बोलायचं नाही, असा तिथला दंडक होता. कीडबाई चहाचे दोन कप घेऊन बाहेर गेल्या आणि तो दंडक तिथेच मोडला.

"रविवारी सकाळी बाबांकडे गेले होते मी," लेक सांगू लागली. "डबा घेऊन. आमचं बिनसलं होतं ना. माझ्याकडे राहायला चला म्हटलं की बाबा फुगून बसायचे. बेल वाजवली, पुन्हा वाजवली. दार उघडेनात. मला वाटलं, रुसलेत. रुसले की ते आतून ऐकत बसायचे, लहान मुलासारखे. मग मीही चिडले." ती कपाकडे बघत राहिली. "दाराला तोंड लावून म्हणाले, बसा तुमच्या हट्टाला कवटाळून, मी काही परत यायची नाही. डब्याची पिशवी कडीला अडकवली नि निघाले. बुधवारी शेजाऱ्यांनी दार फोडलं तेव्हा पिशवी तशीच लटकत होती."

चहावर साय धरली.

"मला बाकी काही नको. मी बेल वाजवली तेव्हा बाबा होते का, तेवढं सांगा."

खुद्द अळ्या कीडबाईंपर्यंत पोचल्याच नव्हत्या. बाटली वाटेत फुटली होती. हाती होता तो पोलीस खात्याच्या फोटोग्राफरने बुधवारी काढलेला फोटो. गडी बोलघेवडा, सगळे त्याला फ्लॅश म्हणत. फोटोत सगळ्यात मोठी अळी, अंग पूर्ण ताणलेली, आणि शेजारी लहानशी पट्टी. कीडबाईंनी पडद्यावर आधी पट्टीचे दहा मिलिमीटर मोजले, किती ठिपके भरतात ते पाहिलं. मग अळी या टोकापासून त्या टोकापर्यंत, अंगाचा बाक धरून मोजली आणि भागाकार केला. तेरा मिलिमीटर. म्हणजे अंडी शनिवारी दुपारीच पडलेली.

अहवालावर सही व्हायच्या आधीच त्यांनी लेकीला फोन लावला. राहवलंच नाही.

"ऐक बाळा, तू बेल वाजवलीस तेव्हा ते नव्हते. आदल्या दिवशीच गेले होते."

 पलीकडून बांध फुटावा तसं रडू आलं. त्या रडण्यात केवढा विसावा होता! कीडबाई कितीतरी वेळ फोन कानाला लावून उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सही करायला बसल्या, तेव्हा सवयीने फोटो पुन्हा एकदा मोठा करून पाहिला. अळीच्या अंगाची वळी न् वळी लख्ख दिसत होती. पट्टीच्या रेघा मात्र किंचित पुसट होत्या, डोळ्यांत पाणी तरळल्यावर दिसाव्यात तशा. इतक्या जवळून काढलेल्या फोटोत एकाच पातळीवरच्या दोन वस्तूंत हा दुजाभाव होत नाही. एक वर असेल, एक खाली असेल, तरच होतो.

कीडबाईंनी फ्लॅशला बोलावून घेतलं.

"पट्टी कुठे ठेवली होतीस?"

"कुठे म्हणजे? फरशीवर."

"आणि अळी?"

"उशीवर. पडताना उशीही त्यांच्याबरोबर खाली आली होती ना. उशीला टेकवूनच ठेवली की पट्टी."

"अळीच्या उंचीला का नाही धरलीस?"

"बाई, पट्टी दिसली पाहिजे म्हणालात, दाखवली. आता ती कुठल्या मजल्यावर राहते तेही बघायचं?" तो हसला, पण बाईंचा चेहरा बघून हसू जागीच विरलं. "का हो? काय झालं?"

"कॅमेरा किती वर होता?"

"वीतभर. जवळून घे, जवळून घे म्हणून तुम्हीच तर मानगुटीवर बसता."

भिंगाच्या जवळ येईल ते मोठं दिसतं. हातभरावरून फोटो काढला असता तर दोन बोटांच्या उंचीने फारसं बिघडलं नसतं. वीतभरावरून बिघडतं. पुराव्याच्या खोलीतून तीच उशी आणली. फ्लॅशने तोच कॅमेरा, तेच भिंग, तेवढ्याच उंचीवर धरलं. एक पट्टी फरशीवर, एक उशीवर. फोटोत उशीवरचे दहा मिलिमीटर फरशीवरच्या साडेबाराला जाऊन भिडले.

म्हणजे अळी तेरा मिलिमीटरांची नव्हतीच. होती जेमतेम साडेदहाची. वय जवळजवळ एका दिवसाने उतरलं. अंडी पडली होती रविवारी, दुपारी.

"माझी चूक," फ्लॅश हळूच म्हणाला.

"तुझी फोटोपुरती. तिला फोन मी केला."

आणि नेमकी तेव्हाच बेल वाजली. खणखणीत, दोनदा.

दारात लेक उभी होती. केस नीट विंचरलेले, हातात कागदात गुंडाळलेली पिवळी फुलं. "बाबांच्या खिडकीतल्या कुंडीतली," ती म्हणाली. "कोणी पाणी घातलं नाही तरी फुललीत बघा, त्यांच्याच वळणावर गेलीत. काल रात्री मी झोपले, बाई. कितीतरी दिवसांनी."

कीडबाईंनी फुलं घेतली. ठेवायला जागा सापडेना. शेवटी तिला खुर्चीवर बसवलं आणि तो फोटो दाखवला, दोन पट्ट्यांचा. तिच्या बाबांचा फोटो नाही दाखवला. वरची पट्टी, खालची पट्टी, तेरा कसे झाले, साडेदहा कसे होतात, सगळं सांगितलं. आवाज सपाट ठेवायचा म्हटलं तरी राहत नव्हता.

लेकीला सगळं समजत होतं. तेच कठीण होतं.

"म्हणजे मी बेल वाजवली तेव्हा होते?"

"असतील. अळी एवढंच सांगते की रविवारी दुपारनंतर नव्हते. त्याआधी केव्हा गेले, ते तिला ठाऊक नसतं."

"खिडकी उघडी होती?"

"होती."

"उघड्या खिडकीतून माश्या लगेच येतात ना?"

कीडबाईंना खोटं बोलता आलं असतं. एकदा घाईने बोलून झालं होतं, आता ठरवून बोलणं जमेना. "दिवसा फार वेळ लावत नाहीत," त्या म्हणाल्या.

लेकीने पडद्यावरच्या रेघांवर बोट ठेवलं. साडेदहापासून तेरापर्यंत ते बोट सरकलं, आणि पुरतं सरकायच्या आतच अंतर संपलं.

"एवढंसंच?" ती म्हणाली. मग बोट तिथेच ठेवून, "रुसले नव्हते हो ते. पडले होते. आणि मी काय बोलून आले..."

कीडबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती उठली, पदर सारखा केला, "येते" म्हणाली. दार तिच्यामागे लागलं.

जिन्यावर पावलं वाजली नाहीत.

कीडबाई दाराच्या अलीकडे उभ्या राहिल्या. पलीकडे श्वास ऐकू येत होता, अडखळत, बेलपाशी. बेल वाजेना. त्यांनी ती वाजायची वाट पाहिली नाही. कडी काढली, दार उघडलं आणि म्हणाल्या, "ये. आत ये."