भौतिक रसायनाचे सर

मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. सव्वीस वर्षं रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. पोरं मला ब्युरेटकाका म्हणतात, कारण कुणाच्या हातून ब्युरेट फुटली की मी सगळा मजला डोक्यावर घेतो. काचेच्या नळीसाठी ओरडायला काय लागतं हो? माणसांसमोर मात्र माझा आवाज घशातच बसतो. माझी लेक तर लहानपणापासून टोकत आली आहे, "पप्पा, मोठ्याने बोला, ऐकू येत नाही."

यंदा तिला आमच्याच विभागात प्रवेश मिळाला. चाळीस जागा आणि ती अडतिसावी. नाव लागलं त्या दिवशी मी प्रयोगशाळेतली सगळी कपाटं पुसून काढली, उगाचच.

नव्या मुलांच्या स्वागताचा दिवस होता. सकाळी साडेनऊला विभागप्रमुख मॅडमनी मला खोलीत बोलावून दार लावून घेतलं. टेबलावर एक काळा कोट पडला होता.

"काका, हा घाला बघू."

"कुणाचा आहे?"

"ते जाऊ द्या. मापात बसतोय का ते सांगा."

खांद्याला थोडा ढगळ होता, पण बसला. मग मॅडमनी सांगायला सुरुवात केली.

विद्यापीठाची समिती आली होती. दरवर्षी येते, दर वेळी नवी माणसं, मान्यता पुढे चालू ठेवायची की नाही ते बघायला. पण यंदा त्यांनी आयत्या वेळी कळवलं की आम्ही स्वागताच्या कार्यक्रमातच बसतो, तिथे तुम्ही शिक्षकांची ओळख करून द्यालच, आम्ही यादी घेऊन माणसं मोजतो. आमच्या यादीत पाच शिक्षक. प्रत्यक्षात चार. भौतिक रसायन शिकवणारे सर मार्चमध्ये एका कंपनीत गेले, आणि त्यांचा राजीनामा वर कळवायचा राहिला. राहिला कसला, ठेवला! नवीन माणूस मिळेपर्यंत कागदावर तेच होते.

"चाळीस मुलांना पाच शिक्षक लागतात," मॅडम म्हणाल्या. "चारच दिसले तर जागा तीस करतील. शेवटचे दहा प्रवेश रद्द."

अडतीस. मला पुढचं काही सांगायची गरजच नव्हती, तरी त्यांनी सांगितलं. "मी तुमच्या मुलीसाठीच म्हणतेय, काका."

"मॅडम, मला कुणी काही विचारलं तर?"

"कोण विचारतंय? त्या सरांचं नाव घेतलं की उठायचं, नमस्कार करायचा, बसायचं. अर्ध्या मिनिटाचं काम."

"आणि माझी लेक समोर बसली असेल, तिचं काय?"

"तिला सांगून ठेवा ना."

बाहेर येऊन तिला फोन लावला. बंद. सभागृहात शिरताना सगळ्यांना फोन बंद करायला लावले होते, आणि दारात समितीचीच माणसं उभी. इकडे आड, तिकडे विहीर. खोटं सांगत नाही, मला त्या क्षणी पळून जावंसं वाटलं. पण पळून जायलाही हिंमत लागते.

मंचावर पाच खुर्च्या होत्या. मी शेवटच्या खुर्चीत बसलो. शेजारी असेंद्रिय रसायनाचे म्हातारे सर, ज्यांच्याबरोबर मी रोज चहा पितो, ते समोरच्या फुलदाणीकडे बघत राहिले. माझ्याकडे एकदाही वळले नाहीत.

लेक तिसऱ्या रांगेत बसली होती. तिने मला बघितलं. आधी हसली. तिला वाटलं असेल, काय थाट आहे पप्पांचा! मग माझा कोट बघितला, खुर्ची बघितली, आणि हसू हळूहळू गेलं. मी मान खाली घातली.

मॅडम बोलायला उभ्या राहिल्या. बोलतात छान, त्यात शंका नाही. मागच्या पडद्यावर एकेकाचा फोटो, नाव आणि विषय येत होता. स्वतःपासून सुरुवात केली. "सेंद्रिय रसायन मी शिकवते. कार्बनची संयुगं. औषधांपासून रंगांपर्यंत सगळं यात येतं, आणि हे पाठ करून जमत नाही, आधीच सांगते." मुलं हसली. मग असेंद्रियचे सर, धातू आणि क्षार. मग विश्लेषणात्मक रसायनाच्या मॅडम, पदार्थात काय आहे आणि किती आहे ते शोधण्याचं शास्त्र. मग वर्णपटाचे तरुण सर, प्रकाश टाकून रेणूची रचना ओळखायची. एकेक जण उठत होता, नमस्कार करत होता, टाळ्या पडत होत्या. पहिल्या रांगेत समितीतले वयस्क गृहस्थ प्रत्येक नावापुढे पेन्सिलने खूण करत होते. चार खुणा झाल्या.

"आणि भौतिक रसायन," मॅडम म्हणाल्या. "उष्णता, अभिक्रियेचा वेग, विद्युत रसायन. पहिल्या वर्षाला सगळ्यात अवघड वाटणारा विषय. तो शिकवणार आहेत आपले..."

त्यांनी नाव घेतलं. पडद्यावर फोटोच्या जागी नुसतं बिनचेहऱ्याच्या राखाडी डोक्याचं चित्र होतं. मी उठलो. हात जोडले. टाळ्या पडल्या. बसलो. सुटलो, असं वाटलं. अर्ध्या मिनिटाचं काम, झालं एकदाचं!

तेवढ्यात समितीतले गृहस्थ उठले. चांगला हसरा माणूस, आजोबांसारखा. म्हणाले, "मुलांनो, लक्ष होतं का बघू. निळा शर्ट, तिसऱ्या रांगेतली. तू सांग बाळ. कोण काय शिकवतं?"

माझी पाचावर धारण बसली. चाळीस मुलं होती हो. चाळीसांतून तीच सापडावी!

ती उभी राहिली. माझी लेक हुशार आहे, एकदा ऐकलं की विसरत नाही. पहिल्या खुर्चीपासून सुरुवात केली. सेंद्रिय. असेंद्रिय. विश्लेषणात्मक. वर्णपट. मग माझ्यापाशी आली आणि थांबली. मी तिच्याकडे बघितलं. आणि जे करायला नको होतं ते केलं. मान हलवली. अगदी थोडी, फक्त तिला कळेल एवढी. नको, सांगू नकोस.

"आणि हे सर," ती म्हणाली, "भौतिक रसायन शिकवतात."

खणखणीत आवाज. मागच्या भिंतीपर्यंत गेला असेल. गृहस्थ "शाब्बास" म्हणाले आणि पाचवी खूण केली.

संध्याकाळी घरी गेलो तर ती ओट्यापाशी उभी होती. "सर, चहा झालाय," म्हणाली. बायकोला आधी हसू आलं. "काय गं, पप्पांना सर म्हणतेस?" आम्ही दोघंही हसलो नाही म्हटल्यावर तिने गॅस बंद केला. मग मी दोघींना बसवून सगळं सांगितलं. पाच शिक्षक, चाळीस जागा, तीस जागा, अडतीस नंबर. समितीचा अहवाल बुधवारी वर जाणार, तोपर्यंत गप्प राहायचं. माझी नोकरी आणि तिची जागा, दोन्ही त्यावर.

"मला आधी का नाही सांगितलं?"

"तुझा फोन बंद होता गं."

"आधीचं जाऊ द्या. पण कार्यक्रम संपल्यावर मी दारात थांबले होते. तुम्ही दुसऱ्या दाराने गेलात."

गेलो होतो दुसऱ्या दाराने.

"मग तो विषय शिकवणार कोण?" तिने विचारलं. हेही मला माहीत नव्हतं. तिने कप धुऊन ठेवला आणि आत गेली. दोन दिवस घरात मला सर म्हणत होती. जेवायला या सर. किल्ली कुठाय सर. अहो, मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

सोमवारी तास सुरू झाले. वेळापत्रक फळ्यावर लागलं होतं. अकरा वाजता भौतिक रसायन, आणि पुढे त्या गेलेल्या सरांच्या नावाची आद्याक्षरं. मी प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धूत होतो. सव्वाअकराला दार वाजलं. दारात लेक.

"सर, तासाला येताय ना? चाळीस जण बसलेत."

"चेष्टा पुरे झाली."

"मी चेष्टा करत नाहीये. सगळे मला विचारतायत, सर कुठे राहिले म्हणून. त्या दिवशी मीच सांगितलं ना सगळ्यांना. मी आता काय सांगू?"

तिचा ओठ थरथरत होता. म्हणजे तीही घाबरली होती. सभागृहात जो खणखणीत आवाज मी ऐकला, तो घाबरलेल्या पोरीचा होता, आणि ती भीती मी तिला दिली होती. पहिल्याच दिवशी, स्वागत म्हणून.

मी हात पुसले. "जागा गेली तर?" विचारलं.

"मला माहीत आहे माझा नंबर," ती म्हणाली आणि वर्गाकडे चालू लागली.

वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे. पायऱ्या चढताना मी दोनदा थांबलो. वाटेत मॅडमच्या खोलीचं दार उघडं होतं. त्यांनी मान वर केली, "काका, कुठे?" म्हणाल्या. मी पुढे चालत राहिलो. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना उत्तर दिलं नाही. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

मी वर्गात शिरलो तशी मुलं उभी राहिली. "गुड मॉर्निंग सर!" चाळीस आवाज. अंगावर प्रयोगशाळेचा डागाळलेला कोट, बाह्या ओल्या. लेक पहिल्या बाकावर जाऊन बसली होती. मी टेबलाला धरून उभा राहिलो. जिन्यावर मॅडमच्या चपलांचा आवाज जवळ येत होता.

"त्या दिवशी तुम्हाला माझी जी ओळख करून दिली," मी म्हणालो, "ती खोटी होती. मी सर नाही. मी प्रयोगशाळेत सहायक आहे. भांडी धुतो, द्रावणं करून ठेवतो, ब्युरेट फुटली तर ओरडतो. या विषयाला सध्या शिक्षक नाही..."

शेवटचे शब्द घशातच राहिले. मागच्या बाकावरची मुलं पुढे वाकून एकमेकांना विचारत होती, काय म्हणाले, काय म्हणाले. मॅडम दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, चेहरा पांढराफटक. मी त्यांच्याकडे बघितलं आणि उरलासुरला आवाजही गेला.

तेव्हा पहिल्या बाकावरून माझी लेक म्हणाली, "पप्पा, मोठ्याने बोला. मागे ऐकू येत नाही."