नऊ नथी, एक काका

“काका, ह्या नऊ नथी तुम्ही कुठे कुठे घालणार?”

हा प्रश्न माझा नाही हं. माझी मैत्रीण सान्वी आणि तिच्या गँगने पैज लावलेली, “कल्पिता, फोन करून विचारून दाखव, तर मानलं तुला!” वक्तृत्व स्पर्धेत नंबर आल्यापासून मी कुणाला घाबरत नाही. लावला फोन, स्पीकरवर.

आईचं नथींचं ऑनलाइन दुकान आहे, आमच्या डोंबिवलीच्या हॉलमध्ये. मोती ओवायचे तिने, पार्सल बांधायचं मी. आणि गेला महिनाभर कॅश ऑन डिलिव्हरीच्या ऑर्डरी नुसत्या बदाबदा! कधी कल्याण, कधी आंबिवली, कधी ठाणे. पार्सल दारात गेलं की गिऱ्हाईक म्हणायचं, “नको.” पार्सल परत. जायचं कुरिअरभाडं आमचं, यायचंही आमचंच. काल आई म्हणाली, “उद्या दुकान बंद करते. नाही परवडत.” आणि आज ही ऑर्डर! देवेश नावाच्या माणसाला चक्क नऊ नथी.

“नथी?” काका दचकले. “अगं, मला फक्त एवढंच सांगितलंय, कुरिअरवाला आला की ‘नको’ म्हणायचं. बास!”

“कोणी सांगितलंय?”

“विनीतने. माझ्या बाजूच्याच टेबलावर बसतो. आमच्या अख्ख्या ऑफिसला सांगितलंय त्याने.”

सान्वीच्या तोंडातून वेफर पडला. विनीत म्हणजे माझे बाबा!

संध्याकाळी बाबा ठाण्याहून आले, तेव्हा आई लॅपटॉपसमोर होती. दुकान बंद करायच्या बटणावर बोट.

“थांब आई! चोर घरातच आहे. आत्ता बूट काढतोय.”

बाबा एका पायावर तसेच थिजले. “अगं, ऑर्डरी येत नाहीत म्हणून तू उदास असायचीस,” ते आईला म्हणाले. “म्हटलं, ऑफिसातल्यांच्या नावाने मीच ऑर्डरी टाकल्या, तर जरा खूश होशील. पैसे तर माल घेताना द्यायचे. घेतलाच नाही, तर कुणाचं काय गेलं?”

“अहो, दोन्ही वेळचं भाडं गेलं! माझं!” आई उशी घेऊन धावली. मग मध्येच बसली आणि इतकी हसली की उचकी लागली. लॅपटॉप मात्र अजून उघडाच होता. तो मी माझ्याकडे ओढला.

“दोघंही ऐका. मी ठरवलंय. दुकान बंद होणार नाही. आजपासून प्रत्येक कॅश ऑन डिलिव्हरीला आधी मी फोन करणार. गिऱ्हाईक ‘हो’ म्हणालं आणि थोडे पैसे ऑनलाइन भरले, तरच पार्सल निघणार. उरलेले दारात. आणि बाबा, तुम्हाला ही सोय कायमची बंद. त्या नऊ नथींचे पूर्ण पैसे आत्ता भरा.”

“अगं, पण मी नऊ नथी कुठे घालू?”

“ते देवेशकाकांना विचारा. ऑर्डर कन्फर्म केली मी!”