सोडलेल्या केसांचा फोटो

चन्नम्माक्कांनी गंगावन बदलायला आणलं आणि त्याच पिशवीतून पुठ्ठ्यावर चिकटवलेला एक फोटोही बाहेर काढला. त्या क्षणी मुमताजनं तोंड उघडलं नसतं, तर पुढं तिची झोप उडाली नसती.

मुमताजचा धंदा केसांचा. विंचरताना गळालेले केस बायका वर्षभर डब्यात जपून ठेवायच्या, ते ती विकत घ्यायची, आणि त्यातून वेणी-अंबाड्यात मिसळायची गंगावनं वळायची. चिमटीत केस धरून नुसता चोळला की त्याचं मूळ कुठलं अन् टोक कुठलं, हे तिची बोटं डोळ्यांच्या आधी सांगायची. बेगम पेठेत सगळ्यांना ते ठाऊक होतं. चन्नम्माक्कांचं गंगावन बारा वर्षं तीच करत आली होती. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी टायफॉइड झाला, आणि ताप उतरून दोन-तीन महिने होतात न होतात तोच कंगव्यावर मुठीमुठीनं केस यायला लागले, हे गुपित त्यांच्या नवऱ्याखालोखाल मुमताजलाच माहीत होतं.

"बघ की जरा," चन्नम्माक्का म्हणाल्या. "आमच्या पोरासाठी, शिवपुत्रासाठी, आलंय स्थळ. मीच सांगितलं होतं त्यांना, वेणी घालून गजरे माळून काढू नका, केस सोडून काढा. अन् त्या फोटोवाल्यालाबी सांगितलं, काचेवर पेन्सिल फिरवून केस दाट करायचे न्हाईत. गंगावन लावून फसवायला नको, न्हाय का?"

स्वतःच्या अंबाड्याचं त्यांना त्या वेळी आठवलं नसावं. मुमताजला आठवलं, पण ती गिऱ्हाइकाला हसत नसे.

फोटोत मुलगी आरशाला तोंड करून बसली होती. पाठीवर कंबरेपर्यंत मोकळे केस, आणि आरशात चेहरा, असे दोन्ही एकदम दिसावेत म्हणून. पण केस कसले, कापूस पिंजल्यासारखे! डोक्याभोवती धुरासारखी कडा, टोकं फाटून फुललेली, मध्येच तुटके केस बाहेर काटे काढून उभे.

"अगाई! मोडलेत की सगळे," मुमताज म्हणाली. "कोरडे ठाक. माझ्याकडं असले आले तर मी घ्यायची न्हाय."

बस्स, एवढंच. चन्नम्माक्कांनी फोटो पिशवीत घातला. "मोठं दुखणं झालं असणार. मला ठाऊक हाय ना, ते कसं असतं."

"तसं नव्हे अक्का," मुमताज म्हणेपर्यंत त्या उंबरा ओलांडून गेल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी नवी पेठेतल्या स्टुडिओचे गुरप्पा चहाला थांबले. "अहो मुमताजबी, तुमचंच नाव घेतायत! नीलव्वाच्या, त्या फोटोतल्या पोरीच्या, घरी निरोप गेला, 'पोरगी आजारी हाय, केस सांगतात, अन् हे खुद्द गंगावनवाली म्हणाली.' तिचा भाऊ माझ्याकडं येऊन भांडून गेला, फोटोच वाईट काढला म्हणून. पोरीला आता कुठल्या घरी पाठवायचं, सांगा? एकदा बोभाटा झाला की झाला."

मुमताजनं बशी खाली ठेवली. "मी आजारी म्हटलंच न्हाय!"

"म्हटलं न्हाय, पण ऐकलं ना त्यांनी."

त्या दिवशी तिच्या हातून एक गंगावन उलटंसुलटं वळलं गेलं, तीन वेळा उसवावं लागलं. मूळ-टोक एकत्र आलं की केस एकमेकांत गुंततात, आणि तिच्या डोक्यातही तेच चाललं होतं. मोडलेत म्हटलं, ते खरं होतं. पण कशानं मोडले, हे तिनं बघितलं कुठं होतं? घाईनं बोलली, कारण बोलता येत होतं म्हणून.

दुसऱ्या दिवशी दुपारी, उन्हं रस्ता भाजत असताना, ती स्टुडिओत जाऊन उभी राहिली. "गुरप्पा, मोठा प्रिंट हाय? अन् तुमचं भिंग द्या."

तिनं भिंग आधी मुळांवर नाही, टोकांवर धरलं. टोकं दुभंगलेली होतीच. पण कंबरेची टोकं म्हणजे जुने केस. महिन्याला अर्धा इंच वाढ धरली, तर ती टोकं चार-पाच वर्षं ऊन, वारा, कंगवा सोसत होती. मग वर सरकली. तुटके काटे दिसले, आणि तिनं भिंग आणखी जवळ धरलं. सगळे काटे एकाच पट्ट्यात होते, मानेच्या जरा खाली, कडं फिरवल्यासारखे. त्याच्या वर केस सलग, गुळगुळीत. आरशातल्या चेहऱ्यावर तिनं भिंग धरलं: भांग अरुंद, कपाळावरची केसांची रेघ भरलेली, टोकदार नव्या केसांचं कुरण कुठंच नाही.

"दुखण्यानं गेलेले केस मुळासकट जातात," ती स्वतःशीच पुटपुटली. "सगळीकडून. मग भांग रुंदावतो, बारीक नवे केस उगवतात. हे तर एकाच जागी मोडलेत. गुरप्पा, पोरगी आली तेव्हा केस कसे बांधले होते?"

गुरप्पांनी डोकं खाजवलं. "वेणी दुमडून वर, मानेपाशी घट्ट. ती अक्कलकोट रोडला मागाच्या कारखान्यात कांड्यांवर सूत भरते ना, वेणी यंत्रात जाऊ नये म्हणून. सायकलच्या ट्यूबचं रबर होतं. आईनं ओढून काढलं, कचाकचा, पोरगी कळवळली. अन् काय सांगू, सकाळीच सोड्यानं न्हाऊ घातलं होतं म्हणे, तेल निघून केस भरगच्च दिसावेत म्हणून. वरून मी दिवा मागं ठेवला. एकेक केस उठून दिसावा, एवढं आमच्याकडून झालं!"

सोडा, तेलाचा थेंब नाही, एप्रिलची कोरडी हवा, मागचा दिवा. म्हणजे धुराची कडा त्या दिवशीची. तुटलेलं कडं रबराचं. दुभंगलेली टोकं वयाची. तिन्ही वेगवेगळी, आणि तिनं तिन्हीचं एकच गाठोडं करून चन्नम्माक्कांच्या पिशवीत टाकलं होतं.

ती तशीच चन्नम्माक्कांच्या घरी गेली. प्रिंट आणि भिंग पदरात. अक्का तांदूळ निवडत होत्या.

"अक्का, मी चुकले."

"कशात?"

तिनं सांगितलं. सगळं, रबरासकट. अक्कांनी सूप बाजूला ठेवलं नाही. "तुझ्याच शब्दावर मी न्हाय म्हणून कळवलं. आता तुझ्याच शब्दावर व्हय म्हणू? लोक काय म्हणतील, अक्काचं डोकं गंगावनवाली चालवते?"

"माझ्या शब्दावर नकाच म्हणू. हे घ्या भिंग, तुमी बघा. तुमच्याएवढं कुणाला ठाऊक, दुखण्यानं केस जातात ते कसे?"

अक्कांचा हात अंबाड्याकडे गेला आणि अर्ध्यात थांबला. मग त्यांनी भिंग घेतलं. आरशातल्या चेहऱ्यावरून पाठीवरच्या केसांवर फिरवलं. मुमताज बसली, उठली, पुन्हा बसली. 

"माझा भांग तेव्हा दोन बोटं झाला होता," अक्का अखेर हळूच म्हणाल्या. "हिचा रेघेसारखा हाय." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "पण दुसरं काय दुखणं असलं तर?"

"ते फोटो सांगत न्हाय. केसांनी काय सोसलं एवढंच सांगतो. बाकी तिलाच विचारा, समोर बसून."

"अन् नकार तर गेलाय की माझाच."

"तो माझ्या तोंडून गेलाय. परत आणायला मीच येते. त्यांच्या दारात उभी राहून सांगते, मी घाई केली."

"तुझ्या धंद्याचं काय होईल मग? गंगावनवालीची नजर चुकली म्हणतील."

 कालपासून मुमताजला हीच भीती वाटत होती, आणि आता ती अक्कांच्या तोंडून ऐकल्यावर जरा लहान वाटली. "म्हणू द्या," ती म्हणाली.

अक्कांनी सूप उचलून आत ठेवलं आणि चपला शोधायला लागल्या. "चल. आत्ताच जाऊ, उद्यावर ठेवलं तर मला पुन्हा वेगळंच काहीतरी सुचेल." मग मागं वळून, आवाज खाली करून, "त्या पोरीला सांग, कामावर ते रबर नको. कापडाची पट्टी बांध म्हणावं, सैल. अन् टोकं चार बोटं कापून टाक. फाटलेलं टोक तेलानं जुळत न्हाय."

"आई कापू देईल?"

"तिची आई माझ्यासारखीच असणार, केसांसाठी जीव टाकणारी," चन्नम्माक्का म्हणाल्या. "मी बोलते."